लागू नसेल ते खोडावे

अर्जाच्या दुसऱ्या पानावर नववी ओळ होती : ‘पालकाची नोकरी : कायम / तात्पुरती (लागू नसेल ते खोडावे).’ मी ‘तात्पुरती’ खोडलं. फाउंटन पेनने, पट्टी लावून, दोनदा. त्या शब्दाचा आमच्या घराशी काही संबंध नाही याची मला इतकी खात्री होती की ती ओळ मी सगळ्यात आधी भरली होती. पुढची तीन वर्षं त्या ओळीने मला जे छळलं, ते आज आठवलं तरी डोकं तापतं.

पिंपरीत रेल्वे फाटकापलीकडच्या चाळीत आम्ही राहायचो. आमच्या चाळीत माणसांच्या दोनच जाती होत्या, परमनंट आणि टेम्पररी. परमनंट माणसाला वाणी उधारीबद्दल टोकत नसे, गणपतीच्या वर्गणीची पावती पहिल्यांदा त्याच्याकडे फाडत आणि त्याच्या मुलींची लग्नं पटकन ठरत. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, परमनंट होते. थोरल्या बहिणीचं लग्न चाकणकडे जमलं तेव्हा बैठकीत हा शब्द निदान चार वेळा उच्चारला गेला असेल. दादांनी स्वतः एकदाच उच्चारला होता, बाकीचे तीन वेळा पाहुण्यांनी.

मी दहावी झाले आणि पुण्याच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. वर्गात आम्ही मुली बोटांवर मोजण्याइतक्या. फी सरकारी सवलतीत माफ झाली होती, पण ड्रॉइंग बोर्ड, पुस्तकं, मीटर, बसचा पास, हे सगळं घरातूनच यायचं होतं. पहिली सहामाही संपायच्या आतच आईने स्पष्ट सांगितलं की हे असं तीन वर्षं जमायचं नाही. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर मी कुठल्या तरी कंपनीत असेंब्लीला बसणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

ड्रॉइंगच्या सरांनी नोटीस बोर्डावरची सूचना दाखवली. एका कारखानदार कुटुंबाचा न्यास होता, तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या गरजू मुलांना शिष्यवृत्ती देणारा. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवलं की अर्ज घरी येई. अटी चार : दहावीला पहिला वर्ग, राहणं पुणे जिल्ह्यात, दुसरी कुठली शिष्यवृत्ती नको, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत. फीमाफी चालेल, पण कळवली पाहिजे. पहिल्या तीन अटी मी डोळे मिटून पार केल्या. चौथीला अडकले. दादा सांगायचे त्या पगाराला बाराने गुणलं की आकडा मर्यादेच्या थोडासा वर जायचा. थोडासाच. मी तो गुणाकार तीन वेळा केला, जणू तिसऱ्या वेळी तरी तो ऐकेल.

सर म्हणाले, तू गुणाकार करू नकोस, कंपनीचा पगाराचा दाखला आण, तो काय म्हणतो ते न्यास बघेल. सरळ सल्ला होता. मी दादांना दाखला आणायला सांगितला आणि ते म्हणाले, उद्या आणतो. मग परवा. मग साहेब रजेवर. मग टायपिस्ट आजारी. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे ऐकून होते, खाजगी कंपनीतही तेच बघून मी वैतागले. बाकीचे कागद मी कधीच जमवले होते. गुणपत्रिकेच्या नकला टाइप करून घेतल्या होत्या, त्यांवर सही-शिक्क्यासाठी एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या दारात दोन सकाळी उभी राहिले होते, प्राचार्यांचं बोनाफाइड आणलं होतं. मुदत संपायला आठ दिवस राहिले आणि एक कागद नाही. शेवटी कॉलेज बुडवून मीच कंपनीच्या गेटवर गेले.

टाइम ऑफिसमधले कारकून भले होते. त्यांनी कायम कामगारांचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली गेले, परत वर आले. मग मला विचारलं, नाव बरोबर सांगतेस ना? मग त्यांनी दुसरं, पातळ पुठ्ठ्याचं रजिस्टर काढलं. त्यात दादा होते. एकदा नाही, नऊ वर्षांत अनेकदा. सात महिने काम, मग ब्रेक. पुन्हा भरती, सात महिने, पुन्हा ब्रेक. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की माणूस कायमचा हक्क सांगू शकतो, म्हणून त्याच्या आत त्याला घरी बसवायचं, हा त्या काळी सगळ्या औद्योगिक पट्ट्यातला रिवाज होता. कारकून मला हे समजावून सांगत होते, कारण त्यांना वाटलं मला दादांचं माहीत असेल आणि फक्त कायदा माहीत नसेल.

“आता पण ब्रेकवरच आहेत की,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यापासून. दाखला देतो, पण अर्जावर त्यांची सही आण.”

त्याच दिवशी सकाळी दादा डबा घेऊन शिफ्टला गेले होते.

चालत घरी येताना मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. मला संताप आला. नऊ वर्षं हा माणूस आम्हाला फसवतो आणि मी त्याच्यापायी ‘तात्पुरती’ दोनदा खोडते. आणि त्या संतापातच, लाज वाटावी असा एक हिशेब मनात चालू होता, की टेम्पररी असतील तर उत्पन्न मर्यादेच्या आत बसतं.

संध्याकाळी दादा आले. मी कंपनीच्या नावाचा विनंतीअर्ज त्यांच्यासमोर ठेवला आणि सही करा म्हटलं. त्यांनी वाचला. त्यात मी ‘ब्रेकच्या कालावधीसह’ असं लिहिलं होतं. ते बराच वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत बसले. आई चुलीकडून म्हणाली की करून टाका सही, मला पहिल्या ब्रेकपासून माहीत हाय. कंपनीत कॅन्टीन होतं, तिथल्या महिन्यांत डबा अर्धा परत यायचा. ब्रेकच्या महिन्यांत चाटून-पुसून यायचा आणि दादा तेव्हा भोसरीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये जायचे तिथलं काळं ग्रीस त्याला लागलेलं असायचं. ते ग्रीस नऊ वर्षं ती राखेने घासत होती आणि अवाक्षर बोलली नव्हती. मला तिचाही राग आला. घरात मी एकटीच मूर्ख निघाले होते.

दादा एवढंच बोलले, “चाळीत कळायला नको.” आणि सही केली.

आता नववी ओळ. दुसरा अर्ज मागवायला वेळ नव्हता. मी ‘कायम’सुद्धा खोडलं, वर बारीक अक्षरात ‘तात्पुरती’ लिहिलं आणि बाजूला दादांची सही घेतली. छापलेले दोन्ही शब्द खोडलेले. अर्जापुरते तरी माझे वडील काहीच नव्हते. भोसरीच्या वर्कशॉपचा मालक दाखला देईना, दिला तर कामगार कागदावर दाखवावे लागतील म्हणाला. मग ती कमाई दादांच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात लिहिली. सगळं मिळून आकडा मर्यादेच्या आत होता. मुदतीच्या आदल्या दिवशी मी पाकीट रजिस्टर पोस्टाने टाकलं आणि पावती पुस्तकात जपून ठेवली.

पुढचा घोटाळा मात्र ना माझा, ना दादांचा.

न्यासाची पद्धत होती की छाननीत टिकलेल्या मुलांच्या घरी एक माणूस चौकशीला येई. न सांगता येई, म्हणजे घर जसं आहे तसं दिसेल. हे अर्जातल्या सूचनांत छापलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण चाळीला कोण सांगणार? एका दुपारी घरात कोणी नसताना पांढरा शर्ट घातलेले, हातात फाइल असलेले एक गृहस्थ आले आणि शेजारच्या काकूंना विचारू लागले, की या घरची मुलगी कशी आहे, वडील काय करतात, घरचं कसं आहे. आता आमच्याकडे अनोळखी माणूस फाइल घेऊन येतो आणि मुलीची चौकशी करतो, याचा अर्थ एकच. काकूंनी त्यांना खुर्ची दिली, चहा टाकला आणि शेजारधर्म जागवला.

संध्याकाळी त्याच मला हसत हसत सांगत होत्या. “मी म्हणलं, पोरगी गुणाची हाय, शिकली तरी गर्व न्हाई. वडील परमनंट. घरात कशाला कमी न्हाई. थोरलीला दिलं-घेतलं पण चांगलं. मुलगा काय करतो गं?”

मी त्यांच्यासमोर रडले. त्यांना वाटलं लाजून.

पंधरा दिवसांनी न्यासाचं पत्र आलं. अर्जातील नोंद, कंपनीचा दाखला आणि प्रत्यक्ष चौकशी यांत तफावत आढळते, तरी मुलाखतीच्या वेळी पालकांनी मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहून खुलासा करावा. ‘तफावत’ हा शब्द दादांनी मला समजावून सांगायला लावला. समजल्यावर म्हणाले, म्हंजी खोटारडे. मी म्हटलं तसं लिहिलेलं नाही. ते म्हणाले, सभ्य कागदावर तसं लिवत न्हाईत.

मुलाखत पुण्यात, कॅम्पातल्या एका जुन्या इमारतीत होती. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच दहा-बारा जण, प्रत्येकाच्या मांडीवर कापडी पिशवी. दादांनी लग्नातला कोट घातला होता. मी तो काढा म्हणून भांडले, कारण कोटात ते चांगलेच परमनंट दिसत होते. त्यांनी काढला आणि हातावर घेतला.

आत तीन जण होते : एक निवृत्त प्राचार्य, एक बाई आणि न्यासाचे चिटणीस, ज्यांच्यापुढे माझी फाइल होती. प्राचार्यांनी मला डायोड काय करतो ते विचारलं. प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, मी सांगितलं. हाच विषय का, विचारलं. मी खरं ते सांगितलं की आमच्या चाळीतला रेडिओ मी दुरुस्त केला आणि पुन्हा बिघडवला, आणि दोन्ही वेळा का झालं ते मला कळलं नाही, म्हणून. ते हसले. सगळं नीट चाललं होतं. मग चिटणीसांनी अर्ज उलटा करून दादांपुढे सरकवला आणि खोडलेल्या दोन शब्दांवर पेन्सिल टेकवली.

“यातलं खरं काय?” त्यांनी विचारलं. “शेजारी सांगतात कायम.”

दादा उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं, की म्हटलं होतं आणि त्यांना ऐकू आलं नव्हतं, मला आठवत नाही. मी तोंड उघडलं तेव्हा बाईंनी मला हाताने थांबवलं.

“शेजाऱ्यांना मीच तसं सांगितलंय,” दादा म्हणाले. “पोरींची लग्नं असतात, साहेब. नऊ वर्सं कंपनीत हाय. कंपनी मला तात्पुरता म्हंती. मी तर कायमच जातो.”

बाईंनी विचारलं, नऊ वर्षं तात्पुरतं कसं असेल? दादांनी खिशातून पिवळे पडलेले कागद काढले. प्रत्येक वेळच्या भरतीची आणि प्रत्येक ब्रेकची चिठ्ठी, तारखेप्रमाणे लावलेली, सुतळीने बांधलेली. ती त्यांनी कुठे ठेवली होती हे मला आजही माहीत नाही. दोन खोल्यांच्या घरात नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या लपवणं सोपं नव्हतं. चिटणीसांनी त्या एकेक करून दाखल्याशी ताडून पाहिल्या आणि फाइलवर काहीतरी लिहिलं. त्या खोलीत मला पहिल्यांदा दादांची लाज वाटली नाही, माझी वाटली.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्रासोबत अटींचे दोन कागद आले, तेव्हा कळलं की मिळणं हा सोपा भाग होता. रक्कम दोन हप्त्यांत, प्राचार्यांमार्फत. दर सहामाहीला प्रगतीचा अहवाल : गुण, हजेरी, पुस्तकांच्या पावत्या, प्राचार्यांची सही, पालकांची सही. निकालानंतर पंधरा दिवसांत गुणपत्रिकेची प्रत. नापास झाल्यास बंद. वर्षातून एकदा देणगीदारांना स्वतःच्या अक्षरात आभाराचं पत्र. आणि पालकाच्या नोकरीत वा उत्पन्नात बदल झाल्यास तो ताबडतोब कळवणे. अहवालाच्या छापील फॉर्मवर तीच ओळ पुन्हा होती, या वेळी सातवी.

एकदा बोर्डाचा निकाल उशिरा लागला, म्हणून अहवाल उशिरा गेला, म्हणून हप्ता अडकला, आणि हप्ता अडकला म्हणून पुस्तकं घेता आली नाहीत, तर पुढच्या पत्रात विचारलं, पुस्तकांच्या पावत्या का नाहीत? अशा वेळी डोकं भिंतीवर आपटावंसं वाटे. आभाराच्या पत्रात मी ‘आपल्या औदार्यामुळे’ हे शब्द लिहायची आणि दात खायची. पैसे घेताना दात खाणं बरोबर नाही हे कळत होतं, तरी खायची. पण प्रत्येक अहवालात सातवी ओळ मी न डगमगता भरली. ‘कायम’ खोडलं, खाली दादांची सही.

दुसरं वर्ष संपताना, उन्हाळ्यात, कंपनीत युनियनचा करार झाला आणि जुन्या टेम्पररींची एक यादी कायम झाली. दादा संध्याकाळी पेढे घेऊन आले. चाळीत पेढे वाटायचे तर कशाचे म्हणून सांगायचं? ते तर आधीच परमनंट होते. म्हणून आम्ही तिघांनीच दार लावून घेतलं आणि अर्धा किलो पेढे आम्हीच खाल्ले. आईला नंतर पोटात दुखलं.

पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा होता. मी गुणाकार केला. या वेळी बाराने गुणणं बरोबर होतं आणि आकडा मर्यादेच्या वर जात होता. थोडासाच. म्हणजे दादांनी इतकी वर्षं सांगितलेलं खोटं खरं झालं, आणि ते खरं झाल्याबरोबर माझ्या मुळावर आलं. शेवटचं एकच वर्ष उरलं होतं.

मी दादांना म्हटलं, या एका अहवालात राहू देऊ ‘तात्पुरती’. यादी आत्ता झाली आहे, कागद अजून हातात यायचेत, हे अगदीच खोटं नाही. पुढच्या वेळी कळवू. कोण बघणार आहे?

दादांनी फॉर्म हातात घेतला. त्यांना राग आला नाही, ते मला जास्त लागलं.

“इतकी वर्सं खोटं सांगत व्हतो तवा आनंदानं सांगितलं,” ते म्हणाले. “आता खरं हाय तर लपवू व्हय? लिव.”

मी लिहिलं. त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पत्र महिन्याभराने आलं. ते मला तोंडपाठ आहे. ‘आपल्या वडिलांची नोकरी कायम झाल्याचे प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार व अभिनंदन. तथापि न्यासाच्या नियमानुसार आपली शिष्यवृत्ती यापुढे कायम ठेवता येत नाही.’ मी ते मोठ्याने वाचलं. दादांनी पुन्हा वाचायला सांगितलं आणि दोन ‘कायम’वर मला थांबवलं. एकाच वाक्याच्या अंतरावर दोन्ही होते, लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलं नसणार. दादा म्हणाले, एकच शब्द हाय, एका घरात किती जणांना पुरंल?

तिसरं वर्ष दादांनी ओव्हरटाइमवर ओढलं. सकाळची शिफ्ट झाली की तिथेच थांबायचे. आता त्यांना ब्रेक नव्हता, म्हणजे विसावाही नव्हता. घरी येऊन डबा ठेवायचे आणि बसल्या जागी झोपायचे. मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून बसायची आणि मनात न्यासाला शिव्या घालायची, मग नियमाला, मग स्वतःला, कारण त्या संध्याकाळी माझं ऐकलं असतं तर, हा विचार काही केल्या जात नव्हता. आजही गेलेला नाही. मी बरोबर होते असं नाही. पण डब्याशेजारी बसल्या बसल्या त्यांचे डोळे असे मिटायला नको होते.

डिप्लोमा पहिल्या वर्गात झाला. अटींच्या कागदावर एक कलम असंही होतं की शिष्यवृत्ती मधेच बंद झाली तरी अंतिम निकालाचा अहवाल द्यावा. मी फॉर्म फेकून दिला होता. पैसे बंद केले तर कागद कशाचा? दादांनी तो केराच्या डब्यातून काढला, मांडीवर सपाट केला आणि म्हणाले, बाकीचं तू भर, सातवी ओळ मी भरतो.

त्यांनी माझं पेन घेतलं, पट्टी मागितली. ‘तात्पुरती’वर पट्टी ठेवून रेघ ओढली. मग पुन्हा ओढली. मग पुन्हा, लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताने, दाबून. तिसऱ्या रेघेला कागद फाटला. खाडाखोड केलेला किंवा फाटलेला अहवाल स्वीकारला जाणार नाही, असं फॉर्मच्या तळाशी छापलेलं होतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. तसाच पाकिटात घातला आणि पोस्टात टाकून आले.